कॉफीच्या बीची डाळ होते का? कॉफी बीन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉफी बीन्स खरंच 'बीन्स' असतात का?

नाही. वनस्पतिशास्त्रात बीन म्हणजे शेंगेतली बी. घेवडा, वाल, राजमा, चवळी, सोयाबीन या सगळ्या वनस्पती शिंबी कुळातल्या. त्यांचं फळ म्हणजे शेंग. ती वाळली की सहसा दोन्ही कडांनी उकलते आणि आत एका बाजूला चिकटलेले दाणे दिसतात.

कॉफीचं झाड या कुळातलं नाही. ते रुबिएसी कुळातलं आहे. कदंब, अनंत आणि जिच्या सालीपासून क्विनाइन काढतात ती सिंकोना हे त्याचे नातलग. या झाडाला शेंग धरत नाही. साधारण बोराएवढं किंवा त्याहून लहान, पिकल्यावर लाल किंवा पिवळं होणारं गरयुक्त फळ धरतं. त्याच्या आत बहुधा दोन बिया असतात आणि आपण ज्याला कॉफी बीन म्हणतो ती यातली एक बी.

इंग्रजीत हा शब्द रूढ झाला तो मुख्यतः दिसण्यावरून. मराठीत आपण सहज 'कॉफीच्या बिया' म्हणतो, आणि गंमत म्हणजे तेच अचूक आहे. या पानावर मीही 'बी' हाच शब्द वापरणार आहे.

मग बी म्हणजे नेमका कोणता भाग? फळ, कोय, की कोयीच्या आतलं काहीतरी?

कोयीच्या आतलं. हे समजायला आंबा डोळ्यांसमोर आणा. बाहेर साल, मग गर, मग टणक कोय, आणि कोय फोडली की आत मऊ बी. कोयीचं टणक कवच हा बीचा भाग नाही, ते फळाचंच सगळ्यात आतलं आवरण आहे. अशा फळाला अश्मगर्भी फळ म्हणतात आणि कॉफीचं फळही याच जातीचं आहे.

आता कॉफीचं पिकलेलं फळ बोटांत धरून दाबा. साल फाटते आणि दोन बुळबुळीत बिया सटकन बाहेर येतात. साल आणि गोडसर पातळ गर हातातच राहतो. बियांना जे बुळबुळीत चिकटून येतं तोही गराचाच आतला थर. तो धुऊन, वाळवून काढला की खाली पिवळसर, चुरचुरीत, कागदासारखं कवच लागतं. इंग्रजीत त्याला चर्मपत्रावरून नाव पडलंय. हे कवच म्हणजे कॉफीची कोय. आंब्यात ती जाडजूड असते, इथे पातळ, आणि प्रत्येक बीला आपली वेगळी.

हे कवच सोललं की बी सुरू होते. तिच्या अंगाला एक अगदी तलम, चंदेरी साल चिकटलेली असते. ते बीचं स्वतःचं आवरण. त्याच्या आत करड्या-हिरव्या रंगाचा जो घट्ट गोळा राहतो तोच कच्ची कॉफी म्हणून पोत्यात भरतात.

एका फळात दोन सपाट बाजूच्या बिया समोरासमोर असतात. म्हणजे त्या एकाच बीच्या दोन डाळी ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो चुकीचा असला तरी अगदी स्वाभाविक आहे. आपण लहानपणापासून शेंगदाणा दोन बोटांत दाबून दोन पाकळ्या करत आलोय. कॉफीचं फळ उघडलं की अगदी तसंच दिसतं, दोन अर्धगोल, सपाट बाजूनं एकमेकांना टेकलेले. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एकदा मी राजम्याची आणि कॉफीची बी शेजारी ठेवून कापून पाहिली.

एक राजम्याचा दाणा आणि कच्च्या, न भाजलेल्या कॉफीच्या काही बिया मी वेगवेगळ्या वाट्यांत पाण्यात ठेवल्या. राजमा रात्रभरात फुगला. साल ओढताच निघाली आणि दाणा आपसूक दोन डाळींत सुटला. एका कडेला, दोन्ही डाळींच्या मध्ये, छोटासा कोंब होता. त्याला मूळ व्हायचं टोकही होतं आणि नखभरही नसलेली दोन दुमडलेली पानंही. म्हणजे राजम्याची बी म्हणजे एक कोंब आणि त्याला जोडलेली दोन जाड बीजपत्रं. आपण जिला डाळ म्हणतो तेच बीजपत्र.

कॉफीच्या बीला दोन दिवस लागले. ती रबरासारखी चिवट झाली, पण कितीही दाबली तरी दोन भाग होईनात. सांधाच नाही तर सुटणार कुठून? मग ब्लेडनं गोल पाठीकडून, एका टोकाजवळ, पातळ पातळ चकत्या काढल्या. तिसऱ्या बीला हात बसला. आतून एक पांढरी, तीन-चार मिलिमीटर लांबीची, छोट्या वल्ह्यासारखी वस्तू निसटून आली. एका टोकाला दांडी आणि दुसऱ्या टोकाला एकमेकांवर दाबून बसलेली दोन कागदाहून पातळ पानं. तो तिचा गर्भ. पूर्ण गर्भ, एकाच बीत. त्याच फळातली शेजारची बी कापली तर तिच्यातही असाच दुसरा गर्भ सापडतो.

म्हणजे फळातल्या दोन बिया ही जुळी भावंडं. एकाच बीचे दोन तुकडे नव्हेत. फुलाच्या अंडाशयात दोन कप्पे असतात आणि प्रत्येकात एक बीजांड. दोन्ही फळली की दोन बिया एकाच फळात वाढतात आणि जागा कमी म्हणून मधल्या बाजूनं सपाट होतात.

गर्भ इतकासा, तर मग उरलेली बी म्हणजे काय? आपण नक्की काय दळतो?

भ्रूणपोष. गर्भासाठी साठवून ठेवलेली शिदोरी. बीचं जवळजवळ सगळं वजन याच भागाचं असतं.

नारळाचं खोबरं हा भ्रूणपोष. गव्हाच्या दाण्यातला पांढरा, पिठूळ भाग हाही भ्रूणपोष. कॉफीची बी या दृष्टीनं राजम्यापेक्षा खोबऱ्याच्या जवळची आहे. फक्त खोबरं मऊ असतं आणि कॉफीचा भ्रूणपोष शिंगासारखा कडक. कारण त्यातलं अन्न स्टार्चच्या रूपात नसतं. पेशींच्या भिंतीच जाडजूड बांधलेल्या असतात आणि मॅनन वर्गातली साखरेची लांब साखळी या भिंतींचा मोठा भाग असते. खजुराची बी दातानं फुटत नाही तीही याच कारणामुळे. तेल, साखर, प्रथिनं आणि कॅफीनही याच भ्रूणपोषात असतं.

शेंगेतल्या बीतही सुरुवातीला भ्रूणपोष असतो. राजम्याची बी शेंगेत वाढत असताना बीजपत्रं तो शोषून घेतात आणि बी पिकेपर्यंत स्वतः गलेलठ्ठ होतात. कॉफीत ही देवाणघेवाण बी पिकताना होत नाही, ती रुजल्यावर होते. खरा फरक या वेळेचा आहे.

मग 'डाळ होत नाही म्हणून बीन नाही' असं म्हणायचं का?

तसं म्हणू नये. मी स्वतः हे वाक्य पूर्वी बिनदिक्कत वापरायचो आणि ते अपुरं आहे. मेथी आणि गवार दोन्ही पक्क्या शेंगवाल्या, तरी त्यांच्या बीत भ्रूणपोष पिकेपर्यंत टिकून राहतो. गवारीच्या बियांपासून जो गोंद काढतात तो हाच भ्रूणपोष, आणि त्यातला मुख्य पदार्थ कॉफीच्या पेशीभिंतीतल्या साखळीचाच जवळचा नातलग आहे. म्हणजे डाळीच्या परीक्षेत मेथीसुद्धा नापास होईल.

कुळ ठरतं ते फुलावरून आणि फळावरून. शेंग असेल तर शिंबी कुळ. कॉफीला गरयुक्त फळ आहे आणि त्याचं अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतं, म्हणून ती त्या कुळात बसत नाही. बी कापून पाहण्याचा उपयोग वेगळा. आपण बीचा कोणता भाग पितो हे त्यातून कळतं.

पण कॉफी 'द्विदल' आहे असं पुस्तकात वाचलंय. द्विदल म्हणजे कडधान्यच ना?

मराठीत हा एकच शब्द दोन कामं करतो, म्हणून घोळ होतो. बोलीत 'द्विदल' म्हणजे ज्याची डाळ होते ते धान्य. वनस्पतिशास्त्रात 'द्विदल वनस्पती' म्हणजे जिच्या गर्भाला दोन बीजपत्रं असतात ती कोणतीही वनस्पती. आंबा, वांगं, सूर्यफूल, गुलाब सगळे त्यात येतात. कॉफीच्या गर्भाला ती दोन कागदी पानं आहेत, त्यामुळे ती द्विदल वनस्पती आहे. द्विदल धान्य मात्र नाही.

बीच्या सपाट बाजूवरची चीर कशामुळे?

तिथे बी चिरलेली नसते. ती दुमडलेली असते. भ्रूणपोष वाढताना त्याच्या कडा आत वळतात, जाड चटई दोन्ही बाजूंनी गुंडाळावी तशा. आपल्याला बाहेरून दिसते ती या घडीची फट.

बी आडवी कापली की हे स्पष्ट दिसतं. फट सरळ खाली जात नाही, आत जाऊन वळते. बाहेरची चंदेरी सालही घडीबरोबर आत गेलेली असते. म्हणूनच बी भाजताना बाहेरची साल फोलपटं होऊन उडून जाते, पण चिरेतली अडकून राहते. भाजलेली बी सुरीच्या टोकानं चिरेवर उकला, आत फिकट तपकिरी, कागदासारखी पट्टी सापडेल. दळलेल्या कॉफीत जे फिकट कण तरंगताना दिसतात ते बहुतेक वेळा हेच. भेसळ असेल म्हणून लोक घाबरतात, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

काही बिया पूर्ण गोल असतात. ती वेगळी जात आहे का?

नाही, त्याच झाडाची, त्याच फांदीचीसुद्धा असू शकते. दोन बीजांडांपैकी एक फळलं नाही किंवा सुरुवातीलाच वाळून गेलं, तर दुसऱ्याला अख्खं फळ मोकळं मिळतं. समोरून दाब नसल्यामुळे ती बी वाटाण्यासारखी गोल होते. चीर तिलाही असते. साधारण शंभरातल्या पाच-दहा फळांत असं होतं. उलट कधी फळात तीन कप्पे निघतात, तेव्हा बिया त्रिकोणी होतात, प्रत्येकीला दोन सपाट बाजू.

आणखी एक प्रकार जास्त त्रासदायक. एकाच कप्प्यात दोन बीजांडं वाढली तर एक बी दुसरीभोवती कानाच्या पाळीसारखी वळते. हिरवी असताना ती एक मोठी बी वाटते. भाजताना ती सुटते, बाहेरचा शिंपल्यासारखा तुकडा पातळ असल्यामुळे आधी करपतो आणि आतला कच्चा राहतो.

फुलापासून बी होईपर्यंत किती वेळ लागतो? बीचा आकार केव्हा ठरतो?

कॉफीची फुलं पांढरी, मोगऱ्यासारख्या वासाची आणि पानांच्या बगलेत झुपक्यानं येणारी. उमललेलं फूल दोन-तीन दिवसांत कोमेजतं. त्यानंतर अरेबिका जातीच्या कॉफीच्या फळाला पिकायला सात ते नऊ महिने लागतात आणि रोबस्टा जातीच्या फळाला त्याहून थोडे जास्त.

या काळात सगळ्यात लक्ष देण्याजोगी गोष्ट म्हणजे बी भरण्याच्या आधीच तिचा साचा तयार होतो. फूल गळल्यावर काही आठवडे फळ जवळजवळ वाढतच नाही. मग ते झपाट्यानं फुगतं, आतले कप्पे पाण्यानं ताणले जातात आणि त्यानंतर कप्प्याचं कवच, म्हणजे ती कागदी कोय, कडक होतं. यापुढे बी त्या कवचापेक्षा मोठी होऊ शकत नाही. भ्रूणपोष नंतर हळूहळू आत भरत जातो.

त्यामुळे फळ फुगायच्या आठवड्यांत पाणी कमी पडलं तर साचाच लहान होतो आणि नंतर कितीही पाऊस झाला तरी बी बारीकच राहते. उलट साचा मोठा झाला आणि भरायच्या वेळी झाडाला अन्न कमी पडलं तर बी आतून पोकळ, सुरकुतलेली निघते. ही दुसरी चूक ओळखणं सोपं आहे. तोडलेली फळं पाण्यात टाकली की भरलेली बुडतात आणि पोकळ, किडकी फळं वर तरंगतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी पहिली प्रतवारी पाण्याच्या हौदातच होते.

साल, गर, कोय हे सगळं कसं काढतात?

ओल्या पद्धतीत आधी यंत्रानं साल आणि गर खरवडतात, बुळबुळीत थर आंबवून सैल करतात, धुतात, मग कवचासकट बिया वाळवतात. ओलावा साधारण 11-12 टक्क्यांवर आला की कवच सोलून काढतात. कोरड्या पद्धतीत अख्खं फळ तसंच वाळवतात आणि सगळी आवरणं शेवटी एकदम फोडतात.

एक किलो कच्च्या बियांसाठी पाच-सहा किलो पिकलेली फळं लागतात. बाकीचं वजन साल, गर, कवच आणि पाणी.

शेंगांची ॲलर्जी असलेल्यानं कॉफी टाळावी का?

कॉफी शेंगवर्गीय नसल्यामुळे निव्वळ नावावरून घाबरण्याचं कारण नाही. कॉफी प्यायल्यावर प्रत्यक्ष त्रास होत असेल तर मात्र कुळाचा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

कोको बीन, व्हॅनिला बीन यांचं काय?

कोको हीही बी, शेंगवर्गीय नव्हे. व्हॅनिलाची 'बीन' तर बीसुद्धा नाही. ते ऑर्किडचं अख्खं लांबट फळ आहे आणि त्याच्या आतले काळे कण त्याच्या बिया.

कॉफीची बी पेरली तर उगवते का?

भाजलेली कधीच नाही, गर्भ उष्णतेनं मेलेला असतो. दळायला मिळणारी कच्ची बीही क्वचितच उगवते. मी एकदा अशा तीस बिया पेरल्या होत्या. दीड महिन्यानं माती उकरली तर सगळ्या काळ्या पडून मऊ झालेल्या. कॉफीची बी ज्वारी-हरभऱ्यासारखी वर्षानुवर्षं थांबत नाही. साध्या हवेत काही महिन्यांतच तिचा जोर ओसरतो आणि पोत्यातल्या बीचं वय आपल्याला कळत नाही.

ताजं पिकलेलं फळ मिळालं तर गोष्ट वेगळी. पिळून बी काढा, बुळबुळीतपणा धुवा, सावलीत सुकवा आणि कागदी कवच न काढता सेंटीमीटरभर खोल, सपाट बाजू खाली करून पेरा. माती ओलसर हवी, चिखल नको. उबदार हवेत दीड-दोन महिने लागतात आणि गारव्यात त्याहून जास्त.

आधी मूळ खाली उतरतं. मग देठ उभा राहतो आणि बीला कवचासकट मातीच्या वर उचलून धरतो. काडीवर टोपी घातल्यासारखं रोप दिसतं आणि रोपवाटिकेत या अवस्थेला 'टोपी' असंच म्हणतात. बरेच जण इथे घाई करून ती टोपी नखानं काढतात. काढू नका. आत ती दोन कागदी पानं त्या वेळी भ्रूणपोष विरघळवून शोषत असतात आणि टोपी ओढली की पानं फाटतात किंवा उपाशी राहतात. काही दिवसांनी कवच आपोआप गळतं. ते उचलून पाहा, आत जवळजवळ काही उरलेलं नसतं. आणि देठाच्या टोकावर रुपयाच्या नाण्यासारखी गोल, लाटदार कडेची दोन हिरवी पानं उघडलेली असतात.